खाडाखोड कुणासाठी?

नाशिककडच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्राचं एम.ए. करणारा एक मुलगा आहे असं समजू. डिसेंबर २०२३ मधली कांद्याची निर्यातबंदी आणि शेतकऱ्यांवर झालेला तिचा परिणाम, हा त्याला घरून लिहून आणायला दिलेला विषय. इंग्रजीत पंधराशे शब्द, वीस गुण. शेवटच्या रात्री साडेअकराला तो चॅटजीपीटीला विषय सांगतो आणि मिनिटाभरात निबंध हातात येतो. आपल्या सरांकडे 'एआय पकडणारं' सॉफ्टवेअर आहे हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो तसल्याच एका फुकटच्या डिटेक्टरमध्ये मजकूर टाकून बघतो. लाल पट्टीवर आकडा येतो, ९६ टक्के. मग तो मजकूर 'ह्युमनायझर' म्हणवणाऱ्या एका संकेतस्थळावर चिकटवतो, बटण दाबतो, आणि जे बाहेर पडतं ते पुन्हा डिटेक्टरमध्ये घालतो. आता पट्टी हिरवी, ८ टक्के. तो निवांत झोपतो.

त्याचा मोठा भाऊ भोसरीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. त्याच रात्री तोही लॅपटॉप उघडून बसलेला. राजकोटहून आलेल्या बेअरिंगच्या मालात घोळ झालाय. मागवले होते ५०० नग, आले ४२०, त्यातले ३५ मापात बसले नाहीत. पुरवठादाराला इंग्रजीत कडक पण संबंध न तुटणारं पत्र लिहायचंय. तोही चॅटजीपीटीकडून मसुदा करून घेतो. मसुदा गुळगुळीत येतो. 'आपण कुशल असाल अशी आशा आहे' वगैरे. भाऊ ते उडवतो, चलनाचा क्रमांक घालतो, आकडे घालतो, 'लवकरात लवकर' काढून 'शुक्रवारपर्यंत' लिहितो, दोन वाक्यं आपल्या नेहमीच्या धाटणीत फिरवतो. हे पत्र यंत्राने लिहिलंय असं समोरच्याला वाटू नये, हाही त्यात थोडा हेतू आहेच. पाठवतो आणि झोपतो.

दोघांनीही यंत्राचा मजकूर घेतला, तो बदलला आणि आपल्या नावाने पुढे पाठवला. तरी धाकट्याने लबाडी केली आणि थोरल्याने काम केलं, असं आपलं मन लगेच सांगतं. मन बरोबर सांगतं, पण का, ते त्याला धड सांगता येत नाही. 'परीक्षेत कॉपी चालत नाही' हे उत्तर पुरत नाही, कारण पकडलं न जाण्यासाठी केलेली ही खाडाखोड नेमकं काय बदलते आणि काय बदलत नाही, ते आधी बघावं लागतं.

डिटेक्टर काय बघतो

ही भाषेची यंत्रं पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, या हिशेबाने लिहितात. 'पावसाळ्यात घाटात दरड' इथपर्यंत वाचलं की पुढे 'कोसळली' येणार हे आपल्यालाही कळतं. यंत्र अशा अपेक्षित शब्दांच्या वाटेने चालतं. माणूस मध्येच आडवाटेला जातो. जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे चॅटजीपीटी येऊन जेमतेम महिना झाला असताना, प्रिन्स्टनमध्ये शिकणाऱ्या एडवर्ड टियान याने 'जीपीटीझीरो' नावाचा डिटेक्टर काढला. तो दोन गोष्टी मोजत असे. मजकुरातले शब्द किती अनपेक्षित आहेत, आणि हा अनपेक्षितपणा वाक्यागणिक किती वरखाली होतो. माणूस एक लांबलचक वाक्य लिहितो आणि पुढचं तीन शब्दांत संपवतो. यंत्राची चाल त्या मानाने सपाट असते. नंतर आलेल्या डिटेक्टरांच्या रीती बदलल्या, पण बहुतेकांचा आधार मजकुराची अशी ठेवणच आहे. मजकूर कुठून आला याचा दाखला त्यांच्याकडे नसतो. ते चेहरेपट्टीवरून गाव ओळखतात.

ह्युमनायझर नेमकं याच्या उलट करतो. अपेक्षित शब्दाच्या जागी जरा कमी अपेक्षित शब्द घालतो, वाक्यं तोडतो, जोडतो, क्रम फिरवतो. याचा परिणाम किती होतो हे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजलं. त्यांनी 'डिपर' नावाचं परिच्छेदच्या परिच्छेद नव्या शब्दांत मांडणारं यंत्र तयार केलं. माणसाच्या मजकुरावर चुकून बोट ठेवण्याचं प्रमाण १ टक्क्यावर बांधून ठेवलं, तर 'डिटेक्टजीपीटी' ही पद्धत मूळ यंत्रलिखित मजकूर ७०.३ टक्के वेळा पकडत होती. डिपरमधून फिरवून आणल्यावर ४.६ टक्के. आणि मजकुराचा अर्थ जवळपास होता तिथेच राहिला.

आपल्या कामाची गोष्ट ही शेवटची आहे. अर्थ न बदलता ठेवण बदलणं हाच या साधनांचा गुण, त्यासाठीच लोक पैसे मोजतात. त्यामुळे मजकुरात जे ज्ञान होतं ते तेवढंच राहतं, आणि जी चूक होती तीही तशीच राहते.

धाकट्याच्या निबंधात ती होती. निर्यातबंदीनंतर भाव पडल्यावर शेतकऱ्यांपुढे 'माल साठवून भाव सुधारण्याची वाट पाहण्याचा पर्याय' होता, असं यंत्राने लिहिलं होतं. ह्युमनायझरने 'साठवून'चं 'राखून ठेवून' केलं, 'पर्याय'चा 'मार्ग' केला. पण बंदी आली ८ डिसेंबरला, आणि तेव्हा बाजारात होता तो खरिपाचा लाल कांदा. त्यात पाणी जास्त, तो टिकत नाही. चाळीत महिनोन्‌महिने राहतो तो उन्हाळी कांदा. लाल कांदा काढला की विकावाच लागतो, आणि त्या बंदीची झळ नेमकी याच कारणाने इतकी लागली. लासलगावच्या आसपासच्या कुठल्याही घरात हे माहीत असतं. वाक्य हिरवं झालं आणि चूक तशीच राहिली.

उत्तरपत्रिका कशासाठी असते

धाकट्याचे सर तो निबंध का वाचतात? कांदा निर्यातबंदीबद्दल काही कळावं म्हणून नाही. त्यांना ते आधीच माहीत आहे, आणि अशा चाळीस निबंधांतून नवीन काही हाती लागण्याची त्यांची अपेक्षाही नाही. त्यांना कळून घ्यायचंय ते या मुलाबद्दल. बंदी, भाव आणि साठवण या तीन गोष्टी त्याला एकमेकींना जोडता येतात का? निबंध हे साधन आहे, मोजायचा तो मुलगा. डॉक्टरला रक्ताचा नमुना दिला तर तो रक्तासाठी नसतो, ज्याचं रक्त त्याच्यासाठी असतो. दुसऱ्याच्या रक्ताची बाटली दिली तर अहवाल अचूक येईल, पण दुसऱ्याचाच.

यंत्राचा निबंध देणं हे दुसऱ्याची बाटली देणं आहे. डिटेक्टर चुकवण्यासाठी तो फिरवणं ही त्यापुढची पायरी, कारण आता बाटलीवरचं लेबलही खरवडलं. इथे विद्यार्थ्याचे दोन बचाव नेहमी ऐकू येतात. पहिला, 'मी बदल केलेत, म्हणजे थोडं माझंही आहे.' बदल कशासाठी केला यावर ते ठरतं. यंत्राचा मसुदा समोर ठेवून एखाद्याने प्रत्येक विधानापाशी थांबून 'हे खरं आहे का' असं विचारलं असतं, तर तो लाल कांद्यापाशी अडखळला असता, कुणाला तरी फोन केला असता आणि वाक्य खोडलं असतं. त्या खाडाखोडीत शिकणं आहे. सरांनी यंत्र वापरायला परवानगी दिली असेल आणि मुलाने ते सांगितलं असेल, तर ती खाडाखोड गुणांना पात्रही आहे. हिरव्या पट्टीसाठी केलेल्या खाडाखोडीत वाक्य वाचावंसुद्धा लागत नाही.

दुसरा बचाव जास्त वजनदार आहे. 'डिटेक्टरच चुकतात, मग त्याला चुकवलं तर काय बिघडलं?' डिटेक्टर चुकतात हे खरंच आहे. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने ३१ जानेवारी २०२३ रोजी स्वतःचा डिटेक्टर काढला. तो यंत्रलिखित मजकुरापैकी २६ टक्केच पकडत होता आणि माणसाच्या मजकुरावर ९ टक्के वेळा खोटा आळ घेत होता. अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये त्यांनी तो बंद केला. पण 'डिटेक्टर चुकतो, म्हणून मी चुकवतो' याचा भार कुणावर पडतो, हे सहसा कुणी मांडून बघत नाही. ते मांडून बघू.

समजा, एका विद्यापीठात हजार निबंध आले. त्यातले १०० यंत्राचे, ९०० मुलांनी स्वतः लिहिलेले. डिटेक्टर चांगला आहे, खऱ्या निबंधांवर फक्त १ टक्का वेळा चुकतो. म्हणजे ९ निर्दोष मुलं अडकणार. यंत्राच्या शंभरपैकी त्याने ९० पकडले, तर एकूण ९९ जणांवर संशय, आणि त्यात ९ निर्दोष. अकरात एक. सर म्हणू शकतात की शंका घ्यायला जागा आहे. आता या शंभरजणांनी ह्युमनायझर वापरायला सुरुवात केली आणि डिटेक्टरच्या हाती १० च लागले. निर्दोष मात्र तेच ९, कारण त्यांनी काही लपवलेलंच नाही. आता संशयितांच्या यादीत १९ नावं आणि त्यात ९ निर्दोष. जवळपास निम्मी.

डिटेक्टर होता तसाच आहे. पण चुकवणारे जसजसे यादीतून बाहेर पडले तसतशी यादी प्रामाणिक मुलांची होत गेली. खाडाखोड करणाऱ्याला वाटतं आपण यंत्राला फसवलं. त्याने आपल्यावरचा संशय वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी बाकावर सरकवलेला असतो. परीक्षेतली ही लबाडी सरांना फसवून थांबत नाही, ती अशी शेजाऱ्यापर्यंत जाते.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने असाच साधा हिशेब केला होता. टर्निटिन कंपनीने आपला एआय डिटेक्टर १ टक्क्याहून कमी वेळा खोटा आळ घेतो असं सांगितलं होतं. विद्यापीठाने २०२२ मध्ये त्या प्रणालीतून ७५,००० लेख तपासले होते. एक टक्का म्हणजे ७५० मुलं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी तो डिटेक्टर बंद ठेवला.

स्वतःचंच लिहिणं बिघडवणारी मुलगी

धाकट्याच्याच वर्गात एक मुलगी आहे असं समजू. तिने निबंध स्वतः लिहिला. मराठी माध्यमातून आली असल्याने तिचं इंग्रजी जपून चालतं, ठरावीक शब्द, छोटी, व्याकरणाने बिनचूक वाक्यं. देण्याआधी तिने भीतीपोटी तपासलं, तर ६८ टक्के एआय.

ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोफेल परीक्षेचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. सरासरी ६१.३ टक्के वेळा डिटेक्टरांनी ते यंत्राचे ठरवले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांच्या निबंधांवर हेच डिटेक्टर जवळजवळ अचूक होते. कारण उघड आहे. दुसऱ्या भाषेत लिहिणारा माणूस खात्रीचे शब्द वापरतो, आणि खात्रीचा शब्द म्हणजेच अपेक्षित शब्द. त्या संशोधकांनी पुढे एक गंमत केली. ते टोफेल निबंध चॅटजीपीटीला देऊन त्यातली शब्दसंपत्ती 'वाढवून' घेतली. खोटा आळ ६१.३ वरून ११.६ टक्क्यांवर आला. माणसाने लिहिलेलं माणसाचं दिसावं म्हणून ते यंत्रातून काढावं लागलं.

ही मुलगी आता आपल्या निबंधात मुद्दाम दोन चुका घालते, एक वाक्य वेडंवाकडं करते, नीट बसलेला शब्द काढून अडनिडा घालते. पट्टी हिरवी होते. बाहेरून बघितलं तर तिने धाकट्यासारखंच केलं, डिटेक्टर चुकवायला मजकूर फिरवला. पण तिची बाटली तिचीच आहे. सरांना तिच्याबद्दल जे कळायचं ते खरंच कळणार आहे, फक्त थोडं कमी चांगलं. तिने फसवलं असलंच तर एका आकड्याला, जो तिच्याबद्दल खोटं बोलत होता. तिला दोष देता येत नाही. तिने याहून बरं काय केलं असतं, तर मसुदे जपले असते. गूगल डॉक्ससारख्या ठिकाणी लिहिलं की आवृत्त्यांचा इतिहास राहतो, मंगळवारी संध्याकाळी दोनशे शब्द, बुधवारी त्यातले ऐंशी खोडले. ठेवणीवरून काढलेल्या टक्क्यापेक्षा हा पुरावा कितीतरी पक्का. पण आपण चोर नाही हे सिद्ध करायचं ओझं तिच्यावर यावं, हा अन्याय उरतोच.

या बाबतीत आपल्याकडची सवय जुनी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक नियम साम्याची टक्केवारी ठरवून देतात. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० ते ४० मध्ये प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यायचा, ६० च्या वर नोंदणीच रद्द. सामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे यात धरत नाहीत. हेतू चांगला होता. पण आकडा ठरला की माणसं आकड्यासाठी लिहू लागतात. 'दहाच्या खाली आणून द्या' ही चॅटजीपीटीच्या कितीतरी आधीची मागणी आहे, आणि ती पुरवणारी माणसंही आहेत. प्रबंध कुणाच्या डोक्यातून आला हा प्रश्न बाजूला राहिला आणि चौदा शब्दांची साखळी कुठे तोडायची हे कौशल्य ठरलं.

शब्दांच्या अशा अदलाबदलीतून काय निघतं याचे नमुने परदेशातही जमले आहेत. २०१४ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातले ख्रिस सॅडलर यांना एका विद्यार्थ्याच्या लेखात 'सिनिस्टर बटक्स' असा शब्दप्रयोग सापडला, म्हणजे 'कुटिल नितंब'. मूळ शब्द होते 'लेफ्ट बिहाइंड', मागे राहिलेले. समानार्थी कोशातून 'लेफ्ट'ला 'सिनिस्टर' आणि 'बिहाइंड'ला 'बटक्स' लावलं होतं. २०२१ मध्ये गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना छापून आलेल्या शोधनिबंधांत असे शेकडो प्रयोग सापडले. 'ब्रेस्ट कॅन्सर'चा 'बुझम पेरिल', छातीवरचं संकट. कॅन्सरवर लिहिणाऱ्याने कॅन्सर हा शब्द टाळला, कारण तो शब्द आधीच्या कुणीतरी वापरला होता. आजचे ह्युमनायझर याहून सफाईने काम करतात, पण धंदा तोच आहे.

पत्र कशासाठी असतं

आता थोरल्याकडे येऊ. राजकोटचा पुरवठादार ते पत्र का वाचतो? पत्र लिहिणाऱ्याचं इंग्रजी कसं आहे हे त्याला कळून घ्यायचं नाही. किती नग कमी, किती परत येणार, कधीपर्यंत पाठवायचे, हे हवंय. इथे मोजायचा तो माल. पत्रातले आकडे बरोबर असतील आणि त्याखाली सही करणारा त्याची जबाबदारी घेत असेल, तर वाक्य कुणी घडवलं याने पुरवठादाराचं काही जात नाही.

आपल्याकडे ही रीत काही नवी नाही. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देणारे पिढ्यान्‌पिढ्या बसलेत. साहेबांची पत्रं स्टेनो नीटनेटकी करून टंकत आला. मंत्र्यांची भाषणं कोण लिहितं हे सगळ्यांना माहीत असतं. यात कुणी फसत नाही, कारण वाचणारा शब्दांवर विसंबत नाही, सहीवर विसंबतो. म्हणून थोरल्याने यंत्राच्या खुणा पुसल्या तर ते घरातून निघताना शर्टाला इस्त्री करण्यासारखं आहे.

पण 'ऑफिसात सगळं चालतं' असा निष्कर्ष काढला तर पाय घसरतो. दोन ठिकाणी तर नक्कीच.

पहिलं ठिकाण, जिथे वाचणारा सहीमागच्या कष्टांवर विसंबतो. सल्लागार कंपनी डेलॉइटने ऑस्ट्रेलियन सरकारच्या रोजगार खात्यासाठी सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा अहवाल केला. तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर त्यात अस्तित्वातच नसलेले संदर्भ आणि न्यायालयीन निकालातलं एक बनावट अवतरण असल्याचं एका अभ्यासकाच्या लक्षात आलं. सुधारित आवृत्तीत एआय वापरल्याची नोंद आली आणि कंपनीने पैशांचा काही भाग परत करायचं मान्य केलं. यंत्र वापरलं एवढ्यावर कुणी चिडलं नसतं. सरकारने पैसे मोजले होते ते कुणीतरी जाणकाराने हे तपासलंय यासाठी, आणि ते तपासलेलं नव्हतं. अशा मजकुराच्या खुणा पुसून तो माणसाचा करणं म्हणजे वाचणाऱ्याची सावध होण्याची संधी काढून घेणं. यंत्राचा कच्चा मसुदा निदान यंत्राचा दिसतो, त्यामुळे वाचणारा संदर्भ उघडून बघतो.

दुसरं ठिकाण, जिथे पत्रातली माहिती दुय्यम आणि लिहिणारं माणूसच महत्त्वाचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार होऊन तीन विद्यार्थी गेले. तेव्हा व्हँडरबिल्टच्याच पीबॉडी कॉलेजमधल्या एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना दिलाशाचा ईमेल पाठवला. एकमेकांची काळजी घेऊ, एकत्र राहू. आणि तळाशी कंसात एक ओळ, की हा मजकूर ओपनएआयच्या चॅटजीपीटीवरून घेतला आहे. विद्यार्थी संतापले, कार्यालयाला माफी मागावी लागली. त्यांनी लपवलं नव्हतं, उलट विद्यार्थ्यांना शिकवतात तसा संदर्भ दिला होता. ती ओळ काढून वाक्यं थोडी फिरवली असती तर कुणाला कळलंही नसतं, आणि ते जास्त वाईट झालं असतं. सांत्वनाच्या पत्राची किंमत कुणीतरी आपल्यासाठी बसून शब्द शोधले यात असते. मयताच्या घरी आपण बोलायला काही नसलं तरी जाऊन बसतो, तसंच ते. शिफारसपत्र, नोकरीच्या मुलाखतीआधीची लेखी चाचणी, वर्षअखेरीला स्वतःच्या कामाचं स्वतः लिहिलेलं मूल्यमापन, हे सगळं ऑफिसातच घडतं, पण जातीने परीक्षेच्या घरचं आहे.

कंटेंट रायटर आणि अनुवादक यांच्यापुढचा पेच याच्या मधला आहे. गिऱ्हाईक शब्दामागे दर ठरवतं, हाती आलेला लेख डिटेक्टरमध्ये टाकतं आणि 'हे एआय आहे' म्हणून पैसे अडवतं. ज्याने खरोखर स्वतः लिहिलंय तोही मग लेख ह्युमनायझरमधून काढून पाठवतो. तो त्या वर्गातल्या मुलीच्या जागी आहे. पण करारात 'अनुवाद माणसाकडून' असं लिहिलंय, दर त्याप्रमाणे लावलाय, आणि अनुवादकाने यंत्राचं उतरवून फक्त ओळखू येणार नाही इतपत फिरवलं, तर तो धाकट्याच्या जागी आहे. मजकूर चांगला असेलही. गिऱ्हाइकाने पैसे माणसाच्या तासांचे दिले होते.

म्हणून परीक्षा आणि ऑफिस या दोन खोल्या धरून नियम करता येत नाही. वाचणारा या कागदावरून काय ठरवणार आहे ते बघावं लागतं. तो मालाबद्दल ठरवणार असेल तर मालाबद्दलचं खरं असलं की झालं. तो माझ्याबद्दल ठरवणार असेल, मला किती येतं, मी किती तपासलं, मला किती वाटतं, तर कागदात मी असायला हवा. आणि हा कागद कसा तयार झाला हे त्याला कळलं तर तो वेगळं ठरवेल, हे मला माहीत असतानाही मी खुणा पुसत असेन, तर ती फसवणूक झाली. मग डिटेक्टर काहीही म्हणो.

यातून शिक्षकांच्या हाती काय उरतं? टक्क्याच्या पट्टीपेक्षा जुनं, वेळखाऊ, पण खात्रीचं एक साधन, तोंडी. निबंधावर पाच मिनिटं बोलायचं. चाळीस मुलं म्हणजे दोनशे मिनिटं, साडेतीन तासांच्या आत. हजार मुलांना ते परवडत नाही, तिथे वर्गात बसून हाताने लिहून घेण्याकडे वळावं लागतं. पण आपल्या सरांकडे चाळीसच आहेत.

ते धाकट्याला विचारतात, "साठवून वाट बघितली असती असं लिहिलंयस. डिसेंबरमध्ये चाळीत कुठला कांदा होता रे?" तो गप्प. मग ते त्या मुलीचा निबंध पुढे ओढतात आणि एका ओळीवर पेन ठेवतात. "सगळा निबंध नीट आहे, हे एकच वाक्य असं लंगडं का?"

"सर, आधी नीट होतं," ती म्हणते. "मीच बिघडवलं." आणि मोबाइलवर आधीचा मसुदा उघडून दाखवते.